सहा मार्कलिस्ट आणि डिग्री एकाच पीडीएफमध्ये, तीही एक एमबीच्या आत

फॉर्म भरून झालाय, फी भरायची राहिलीय, आणि डॉक्युमेंटच्या पानावर लाल अक्षरात येतंय की फाईल लिमिटपेक्षा मोठी आहे. मग बहुतेकजण एकच करतात, गुगलवर कम्प्रेस पीडीएफ टाकायचं, पहिली वेबसाईट उघडायची, फाईल टाकायची, बारीक झाली की अपलोड. कधी जमतंय, कधी फाईल उतरतच नाही, आणि कधी एवढी उतरते की मार्कलिस्टवरचा सीट नंबर वाचता येत नाही, आणि ते कळतंय डॉक्युमेंट व्हेरिफिकेशनला. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. आमच्या राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत दर भरतीला हाच प्रश्न येतो आणि प्रत्येकाला तोंडी सांगताना काहीतरी राहूनच जातंय.

एक केस घेऊन सांगतो म्हणजे आकडे डोळ्यासमोर राहतील. गारगोटीची एक मुलगी, शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम., फॉर्ममध्ये पदवीच्या रकान्यात सहा सेमिस्टरच्या मार्कलिस्ट आणि डिग्री सर्टिफिकेट एकाच पीडीएफमध्ये मागितलेलं, लिमिट १ एमबी. तिनं मोबाईलवर सातही पानांचे फोटो काढले, एका ॲपमधून पीडीएफ केली, ती झाली साधारण २५ एमबीची. ऑनलाईन वेबसाईटवर टाकली तर २४ च्या आसपास. परत टाकली, तेवढीच. "दादा, काय केलं तरी फाईल उतरेनाच झालीय," म्हणत लॅपटॉप घेऊन आली.

आधी फाईल मोठी का होते ते बघू, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातंय.

स्कॅनची पीडीएफ म्हणजे नुसतं पाकीट आहे, आत फोटो भरलेत. वर्डमध्ये टाईप करून केलेल्या पीडीएफमध्ये अक्षरं अक्षरं म्हणूनच असतात, त्यामुळं दहा पानं असली तरी फाईल छोटी राहते. स्कॅनमध्ये मात्र प्रत्येक पान म्हणजे एक चित्र, आणि पाकिटाला कितीही दाबलं तरी आतले फोटो मोठे असतील तर वजन तेवढंच राहणार. फोटोचं वजन मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतंय: पिक्सेल किती, रंगीत की ग्रे, आणि कागदावर डाग, सावली, दाणे किती. पिक्सेलचा हिशोब डीपीआयवर असतो, म्हणजे एका इंचात किती ठिपके. ए४ पान ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतंय, १५० ला १२४० बाय १७५४. डीपीआय निम्मा केला की पिक्सेल निम्मे नाही, चौथाई होतात, कारण रुंदी पण निम्मी आणि उंची पण निम्मी. एवढा एक हिशोब लक्षात ठेवला तरी फाईल कितपत उतरेल याचा अंदाज आधीच येतो.

आता काम सुरू करायच्या आधी जाहिरात नाहीतर फॉर्मच्या सूचना नीट वाचा. प्रत्येक पोर्टलची लिमिट वेगळी असते, आणि एकाच फॉर्ममध्ये फोटोची वेगळी, सहीची वेगळी, कागदपत्रांची वेगळी. मित्राला गेल्या भरतीत चाललेली साईज तुम्हाला चालेल असं अजिबात धरू नका. काही ठिकाणी कमीत कमी साईज पण दिलेली असते, बँकेच्या आयबीपीएसच्या फॉर्ममध्ये फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी असं असतंय, म्हणजे जास्त बारीक केली तरी घेत नाही. लिमिट मिळाली की पानांनी भागा. आमच्या केसमध्ये १ एमबी म्हणजे १०२४ केबी, पण काठावर जायचं नाही म्हणून ९०० धरले, भागिले सात, म्हणजे एका पानाला साधारण १२५ ते १३० केबी. हा आकडा वहीत लिहून ठेवा. पानाला शंभर केबीच्या वर मिळत असतील तर ग्रे स्कॅन व्यवस्थित बसतंय. ५०-६० केबीच मिळत असतील तर अवघड आहे, आधीच सूचनेत परत बघा की खरंच सगळी पानं मागितलीत का, कारण बऱ्याच वेळा फक्त शेवटच्या वर्षाची मार्कलिस्ट मागितलेली असते आणि पोरं दहावीपासूनचं सगळं जोडत बसतात.

स्कॅन कसं करायचं

निम्मं काम इथंच होतंय, आणि लोक नेमकं इथंच घाई करतात.

नेट कॅफेत किंवा कॉलेजात स्कॅनर असेल तर उत्तमच. स्कॅनरवाल्याला सांगा २०० डीपीआय, ग्रेस्केल, ए४. तो सवयीनं ३०० कलरला लावून ठेवतो आणि मग एकेका पानाची फाईल एमबीत जाते. स्वतःच्या लॅपटॉपला स्कॅनर जोडलेला असेल तर NAPS2 नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात Resolution आणि Bit Depth आधीच ठरवता येतं, पानं पुढंमागं ओढता येतात आणि सगळ्यांची मिळून एकच पीडीएफ सेव्ह होते. तसं स्कॅन केलं तर पुढची बरीच कटकट वाचते.

मोबाईलनं करणार असाल तर साध्या कॅमेऱ्यानं फोटो काढू नका, स्कॅनचं ॲप वापरा. गुगल ड्राइव्हमध्येच स्कॅनची सोय आहे, वेगळं काही डाऊनलोड करायला पण लागत नाही. ॲप पानाच्या कडा ओळखून तेवढंच कापतंय आणि वाकडं पान सरळ करतंय. टेबल, फरशी, चादर, बोटं, हे सगळं फोटोत आलं की त्याचे पण केबी मोजले जातात हे ध्यानात ठेवा.

उजेडाचं एक सांगतो. ट्यूबलाईटखाली उभं राहून फोटो काढला की आपल्याच हाताची सावली पानावर पडते. खिडकीजवळ टेबल घ्या, उजेड बाजूनं येऊ द्या. आपल्याकडं पावसाळ्यात दिवस दिवस ऊन दिसत नाही, पण स्कॅनला तो ढगाळ उजेड सगळ्यात भारी, एकसारखा पसरतो आणि सावली जवळजवळ येतच नाही. दहावी-बारावीच्या जुन्या मार्कलिस्ट लोकांनी लॅमिनेशन करून ठेवलेल्या असतात, त्यावर फ्लॅश पडला की मधोमध पांढरा गोळा येतो आणि नेमके मार्क त्याच्याखाली जातात. फ्लॅश बंद करा, आणि चमक दिसत असेल तर कागद थोडा फिरवून बघा.

आता फिल्टर. ॲपमध्ये साधारण तीन प्रकार दिसतात, रंगीत, ग्रे आणि ब्लॅक अँड व्हाईट. ब्लॅक अँड व्हाईटला फाईल लई बारीक होते म्हणून मोह होतो, पण मार्कलिस्टला ते लावू नका. त्यात प्रत्येक ठिपका एकतर पूर्ण काळा नाहीतर पूर्ण पांढरा, मधलं काही नाही. मार्कलिस्टच्या कागदावर फिकट नक्षी असते, वॉटरमार्क असतो, त्याचे काळे ठिपके होऊन अक्षरात मिसळतात, आणि फिक्या जांभळ्या शाईचा शिक्का तर कधी कधी पानावरून गायबच होतो. उलट एवढे ठिपके झाले की फाईल पण म्हणावी तेवढी उतरत नाही. पांढऱ्या कागदावर काळ्या अक्षरात छापलेलं अनुभवाचं पत्र असेल तर चालेल, तेही शिक्का नीट उमटलाय का बघूनच. मार्कलिस्टला ग्रे घ्या. जाहिरातीत रंगीत स्कॅनच पाहिजे असं स्पष्ट लिहिलं असेल तर मात्र रंगीतच ठेवा, तिथं वाद नाही.

ग्रे घेतल्यावर ॲपमध्ये ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा, कागदाचा मळकट राखाडी रंग पांढरा होईपर्यंत. हे फक्त दिसायला चांगलं म्हणून नाही. जेपीजी फोटोत सपाट पांढरी जागा जवळजवळ फुकटात साठवली जाते, पण कागदाचे दाणे, सुरकुत्या, सावली हे सगळं तपशील म्हणून साठवलं जातंय आणि त्यात केबी जातात. तेच पान, तेवढेच पिक्सेल, पण मागचा कागद स्वच्छ पांढरा केला की फाईलमध्ये चांगलाच फरक पडतो. फक्त सहीची आणि शिक्क्याची रेघ उडेपर्यंत वाढवू नका.

प्रत्येक पानाला नाव देताना 01, 02, 03 असं द्या. सेमिस्टर एक ते सहा आणि सातवी डिग्री. मागच्या बाजूला ग्रेडचा तक्ता वगैरे छापलेला असतो, तो मागितला असेल तरच घ्या. आणि मोबाईलवरून लॅपटॉपवर व्हॉट्सॲपनं पाठवणार असाल तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप स्वतःच दाबून पाठवतंय आणि बारीक अक्षरं तिथंच मरतात.

फाईल उतरेनाच, असं का होतंय

त्या मुलीच्या फाईलचं नेमकं काय झालेलं ते इथं सांगतो, कारण ही अडचण लई जणांना येते आणि कारण मात्र कुणालाच दिसत नाही.

तिची पीडीएफ ॲडोब रीडरमध्ये उघडली आणि कंट्रोल डी दाबलं. तिथं पानाचा आकार येतो, Page Size म्हणून. ए४ असेल तर ८.२७ बाय ११.६९ इंच दिसायला पाहिजे. तिच्या फाईलला दिसत होतं ४१.६७ बाय ५५.५६ इंच. म्हणजे साडेतीन फूट रुंद मार्कलिस्ट! झालं असं की तिच्या ॲपनं ३००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो घेतला आणि ७२ पिक्सेलला एक इंच असं धरून पान बनवलं. ३००० भागिले ७२, ४१.६७ इंच. स्क्रीनवर फरक कळत नाही, कारण रीडर पान खिडकीत मावेल एवढं बारीक करूनच दाखवतो.

आता कम्प्रेस करणारं सॉफ्टवेअर काय बघतंय, तर एका इंचात किती पिक्सेल आहेत. त्याला सांगितलेलं असतंय की १५० च्या वर असेल तर खाली आण. ते बघतंय की इथं तर ७२ च आहेत, म्हणजे फोटो आधीच बारीक आहे, आणि तसाच सोडून देतंय. म्हणून कितीही वेळा टाकली तरी फाईल जिथल्या तिथं. तुमच्या बाबतीत पण फाईल उतरत नसेल तर पहिल्यांदा पानाचा आकार बघा, वेबसाईट बदलत बसू नका. उपाय एकच, आधी पान ए४ करायचं आणि मग पिक्सेल कमी करायचे.

वर्डमधून करायची पद्धत

वर्ड जवळपास प्रत्येक कॅफेत असतंय आणि नवीन काही शिकायला लागत नाही, म्हणून आधी हीच सांगतो.

नवीन फाईल उघडा, Layout मधून Size ला A4 निवडा आणि Margins मध्ये Custom Margins ला जाऊन चारी बाजू अर्धा सेंटीमीटर करा. वर्ड म्हणेल की मार्जिन प्रिंटेबल एरियाच्या बाहेर आहे, Ignore करा, आपल्याला कुठं प्रिंट मारायचीय. मग Insert, Pictures करून 01 ची जेपीजी घ्या, ती आपोआप पानात मावेल अशी बसते. मग पुढची, मग पुढची. सातही एकदम सिलेक्ट करून टाकल्या तरी चालतंय, पण क्रम कधी कधी उलटसुलट होतो म्हणून मी एकेक घ्यायला सांगतो. शेवटी रिकामं आठवं पान आलं असेल तर ते डिलीट करा.

ही वर्ड फाईल एकदा सेव्ह करा आणि मग तिची कॉपी काढून कॉपीवर काम करा. कारण पुढच्या स्टेपमध्ये वर्ड फोटोचे जास्तीचे पिक्सेल टाकून देतंय आणि ते परत येत नाहीत.

कॉपीमध्ये कुठल्याही फोटोवर क्लिक करा, वर Picture Format ची टॅब येईल, त्यात Compress Pictures. जी चौकट उघडते त्यात Apply only to this picture पुढची टिक काढा, ही राहिली तर एकच पान बारीक होतंय आणि बाकी सहा तशीच राहतात. Delete cropped areas ला टिक असू दे. खाली Web म्हणजे १५० पीपीआय निवडा आणि ओके, पीपीआय म्हणजे इथं डीपीआयच समजा. मग Save As मध्ये PDF निवडा आणि खालचं Minimum size निवडून सेव्ह करा.

आमच्या केसमध्ये एवढ्यावर फाईल २५ वरून साधारण १.३ एमबीला आली. लिमिट २ एमबीची असती तर काम इथंच संपलं असतं. पण आम्हाला १ च्या आत पाहिजे होती. इथं लोक Compress Pictures मध्ये परत जाऊन E-mail म्हणजे ९६ पीपीआय करतात. मार्कलिस्टमध्ये विषयाच्या नावाची अक्षरं बारीक असतात, ९६ ला ३ आणि ८ मधला फरक कळेनासा होतो, म्हणून ९६ ला शक्यतो जाऊ नका. आणि १.३ ची झालेली पीडीएफ परत दुसऱ्या कम्प्रेसरमध्ये घालणं त्याहून वाईट. जेपीजी दरवेळी दाबताना थोडी माहिती टाकून देतंय, दुसऱ्यांदा दाबलं की अक्षरांभोवती राखाडी धुरळा दिसायला लागतो, आणि तेवढ्या प्रमाणात फाईल काही उतरत नाही. दाबायचं ते एकदाच आणि मूळ स्कॅनवरूनच दाबायचं. म्हणून आम्ही परत मूळ फाईलवर गेलो.

घोस्टस्क्रिप्टची पद्धत

घोस्टस्क्रिप्ट हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याला बटणं नाहीत, कमांड टाईप करायला लागते, पण घाबरायचं काही कारण नाही, खालची कमांड जशीच्या तशी कॉपी करायची आणि फाईलची नावं तेवढी बदलायची. मोठा फायदा असा की पान ए४ करणं, ग्रे करणं, पिक्सेल कमी करणं आणि पानं जोडणं हे सगळं एका दमात होतंय, आणि फाईल तुमच्या लॅपटॉपच्या बाहेर कुठंही जात नाही. जातीचा दाखला आणि आधार अनोळखी वेबसाईटवर टाकायला मला तरी पटत नाही, म्हणून ज्यांच्याकडं लॅपटॉप आहे त्यांना मी हेच सांगतो.

इन्स्टॉल केल्यावर सगळ्या पीडीएफ एका फोल्डरमध्ये ठेवा. त्या फोल्डरमध्ये वर ॲड्रेस बारवर क्लिक करून cmd टाईप करून एंटर मारा, काळी खिडकी त्याच फोल्डरमध्ये उघडते. मग हे:

```
gswin64c -sDEVICE=pdfwrite -dNOPAUSE -dBATCH ^
 -dPDFSETTINGS=/ebook ^
 -sPAPERSIZE=a4 -dFIXEDMEDIA -dPDFFitPage ^
 -sColorConversionStrategy=Gray ^
 -dColorImageResolution=120 -dGrayImageResolution=120 ^
 -dColorImageDownsampleThreshold=1.0 ^
 -dGrayImageDownsampleThreshold=1.0 ^
 -sOutputFile=Degree_Marksheets.pdf ^
 01.pdf 02.pdf 03.pdf 04.pdf 05.pdf 06.pdf 07.pdf
```

सातही पानं आधीच एका पीडीएफमध्ये असतील तर शेवटच्या ओळीत ते एकच नाव द्या. gswin64c सापडत नाही असं आलं तर C:\Program Files\gs मध्ये जाऊन bin फोल्डर शोधा आणि gswin64c च्या जागी त्याचा पूर्ण पत्ता डबल कोट्समध्ये टाका. लिनक्स असेल तर gswin64c ऐवजी gs आणि ओळीच्या शेवटी ^ ऐवजी \ टाका.

यातल्या दोनच गोष्टी समजून घ्या, बाकी नाही कळलं तरी चालतंय. तिसऱ्या ओळीमुळं साडेतीन फुटाचं पान ए४ होतंय, म्हणजे वर सांगितलेली अडचण मुळातच मिटते. आणि Threshold च्या दोन ओळी का, तर घोस्टस्क्रिप्ट ठरवलेल्या आकड्याच्या दीडपटीच्या वर डीपीआय असेल तरच फोटो बारीक करतंय. १५० सांगितलं आणि स्कॅन २०० चं असलं तर २०० हे २२५ च्या आत म्हणून तसंच सोडतंय, आणि आपण बसतो डोकं खाजवत. १.० केलं की सांगितलेल्या आकड्यालाच आणतंय.

१२० का घेतलं, तर हिशोब साधा आहे. १५० ला १.३ एमबी होती. १२० भागिले १५० म्हणजे ०.८, त्याचा वर्ग ०.६४, म्हणजे पिक्सेल जवळपास दोन तृतीयांश राहतात. १.३ चे ०.६४ म्हणजे ८५० केबीच्या आसपास, ग्रे केल्यानं अजून थोडी कमी. फाईल आली साडेसातशे ते आठशे केबीच्या मधली. लिमिटच्या खाली, आणि अक्षरं ९६ पेक्षा कितीतरी बरी. तुमची फाईल पहिल्याच वेळी लिमिटच्या बरीच खाली आली, समजा १ एमबीत ४०० केबी झाली, तर तशीच लावू नका, दोन्ही ठिकाणी १२० चं १५० करून परत चालवा. लिमिट दिलीय तर ती वापरा, वाचणाऱ्याला तेवढं स्पष्ट दिसतंय.

कुठल्या फाईलला हात लावायचा नाही

आपले सरकारवरून निघालेला दाखला, म्हणजे डोमिसाईल, नॉन क्रिमीलेयर, उत्पन्नाचा, हा पीडीएफमध्येच डिजिटल सहीचा असतो. त्याची पीडीएफ असेल तर तीच अपलोड करा. लोक त्याची प्रिंट काढतात, प्रिंटचा फोटो काढतात, त्याची पीडीएफ करतात आणि मग ती मोठी झाली म्हणून दाबत बसतात. आणि अशी सही केलेली फाईल कम्प्रेस केली किंवा दुसऱ्या पानांना जोडली की डिजिटल सही टिकत नाही, कधी कधी सहीची चौकट पण पानावरून जाते. जोडून द्यायलाच लागत असेल तर जोडलेल्या पानावर सही आणि बारकोड दिसतोय का बघा, आणि मूळ फाईल वेगळी जपून ठेवा, व्हेरिफिकेशनला तीच दाखवायला लागेल.

डाऊनलोड केलेलं ई-आधार पासवर्डचं असतंय, नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढं जन्माचं वर्ष. पासवर्डची फाईल पोर्टलवर अपलोड झाली तरी समोरच्याला उघडणारच नाही. ती क्रोममध्ये पासवर्ड टाकून उघडा, प्रिंटला जा आणि प्रिंटरच्या जागी Save as PDF निवडा, नवीन फाईलला पासवर्ड राहत नाही.

अपलोडच्या आधी आणि नंतर

तयार झालेली फाईल उघडा आणि झूम १०० टक्के ठेवून सातही पानं बघा. नुसतं दिसतंय म्हणून सोडू नका, प्रत्येक पानावरच्या चार गोष्टी बोट ठेवून वाचा: तुमचं नाव, पीआरएन किंवा सीट नंबर, एकूण मार्क, आणि निकालाची तारीख. तारीख जास्त महत्त्वाची आहे, कारण जाहिरातीच्या कट ऑफ डेटच्या आधी तुम्ही पास झालात का हे त्यावरूनच ठरतंय. क्रम बघा, कुठलं पान उलटं किंवा आडवं नाही ना ते बघा. दुसऱ्या कुणाला तरी वाचायला दिलं तर अजून चांगलं, कारण आपले मार्क आपल्याला पाठ असतात आणि पुसट असले तरी आपल्याला वाचता आल्यासारखे वाटतात.

फाईलवर राईट क्लिक करून Properties मध्ये साईज बघा. तिथं Size आणि Size on disk असे दोन आकडे दिसतात, बघायचा तो पहिला. नाव इंग्रजीत, स्पेस न देता, मध्ये कुठं टिंब न देता, Degree_Marksheets.pdf असं. मराठी नाव, कंस, किंवा चुकून दोनदा लागलेलं pdf.pdf यामुळं काही पोर्टल साईज बरोबर असताना पण फाईल नाकारतात आणि मेसेज मात्र Invalid file एवढाच देतात. साईज ठीक असून घेत नसेल तर पहिल्यांदा नाव बदलून बघा.

हे सगळं फॉर्म उघडायच्या आधी करा. लॉगिन करून बाजूला स्कॅन करत बसलात तर सेशन संपतंय आणि भरलेलं परत भरायला लागतंय. अपलोड झाल्यावर हिरवी टिक आली म्हणून पुढं जाऊ नका, तिथं View किंवा Preview असेल तर उघडून शेवटचं पान दिसतंय का बघा, कारण नेट मध्येच तुटलं की कधी कधी अर्धवट फाईल बसते. डिग्रीच्या रकान्यात जातीचा दाखला गेलाय का हे पण त्याच वेळी कळतंय, आणि फायनल सबमिट झाल्यावर बऱ्याच पोर्टलवर ते बदलता येत नाही.

कॅफेत केलं असेल तर उठायच्या आधी डाऊनलोड्स आणि डेस्कटॉपवरच्या तुमच्या फाईल डिलीट करा, रिसायकल बिन रिकामा करा, व्हॉट्सॲप वेब आणि जीमेल लॉगआऊट करा. मूळ स्कॅन, म्हणजे न दाबलेली सात पानं, स्वतःच्या ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवून द्या. पुढच्या भरतीला लिमिट ५०० केबी असू दे नाहीतर ५ एमबी, कमांडमधला १२० चा आकडा दोन्ही ठिकाणी बदलून त्याच पानांवरून पाच मिनिटात नवीन फाईल निघते.